चौतीस माणसं आणि एक बादली

सहलीच्या बसमधली माणसं मोजणं हे काम दिसायला अंगणवाडीचं आणि करायला जनगणनेचं. अंगणवाडीतली पोरं निदान मोजताना जागेवर बसतात. सहलीतली मोठी माणसं मोजणी सुरू झाली की नेमकी उठतात. वरच्या फळीवरून पिशवी काढतात, "तुम्ही बसा हो खिडकीला, मला ऊन लागतं" म्हणून जागा बदलतात, आणि गाईड एकोणिसावर पोचला की मागून कुणीतरी विचारतं, "सर, चहा कुठे आहे पुढे?" सर पुन्हा एकपासून. प्रत्येक बसमध्ये एक विनोदी काकाही नेमलेले असतात. "जे आले नसतील त्यांनी हात वर करा" हे वाक्य ते रोज सकाळी म्हणतात, स्वतः हसतात, आणि त्या हसण्यात गाईडचा आकडा हरवतो.

अशी एक चौतीस माणसांची बस मार्चमधल्या एका सकाळी हट्ट्यात येऊन थांबली. हट्टा म्हणजे हिंगोली जिल्ह्यातलं, वसमत तालुक्यातलं, परभणीहून औंढ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. पुण्याची मंडळी ज्योतिर्लिंगाच्या दर्शनाला निघालेली. परळी उरकलेलं, पुढे औंढा नागनाथ, रात्री नांदेडला मुक्काम. आता या भागातली ज्योतिर्लिंगंसुद्धा एका पत्त्यावर राहत नाहीत. परळीच्या वैजनाथावर झारखंडातल्या देवघरचा दावा आहे. औंढ्याच्या नागनाथावर गुजरातेत द्वारकेजवळच्या नागेश्वराचा आहे आणि उत्तराखंडातल्या जागेश्वराचाही आहे. जिथं देवाला तीन राज्यांत शोधावं लागतं, तिथं पुण्याचे चौतीस यात्रेकरू एका जागी सापडतील अशी अपेक्षा करणंच मुळात धाडसाचं होतं.

बस थांबली ती देवासाठी नव्हे, चाकासाठी. मागच्या जोडचाकातलं आतलं चाक बसलं होतं. आतलं चाक काढायचं तर आधी बाहेरचं काढावं लागतं, आणि बाहेरचं काढायचं तर जॅक सापडावा लागतो. ड्रायव्हर म्हणाला, "तास लागेल." गाईडनं माईकवर सांगितलं, "वीस मिनिटं!" सहलीत तासाला वीस मिनिटं म्हणतात, कारण तास म्हटलं की माणसं लांब जातात. माणसांनाही हे ठाऊक असतं, म्हणून वीस मिनिटं ऐकली की ती तासाच्या हिशेबानं लांब जातात.

त्यात गावचा बाजार भरलेला. आठवडी बाजार.

मी त्या वेळी रस्त्यालगतच्या एका किराणा दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. दुकानदाराला सगळं गाव मामा म्हणतं, म्हणून मीही मामाच म्हणतो. साठीच्या पुढचे, पांढरी टोपी, गळ्यात तुळशीची माळ, कानाला पेन. ओटा रस्त्यापासून चांगला तीन पायऱ्या वर. मामांच्या वडिलांनी तो पावसाच्या पाण्यासाठी उंच बांधला होता. बाजारच्या दिवशी तो नाटकाच्या बाल्कनीसारखा उपयोगी पडतो. तिथून मी ती पांगापांग पहिल्यापासून पाहिली आणि ती पाहण्यासारखी होती.

लोकांना वाटतं, गर्दीत माणसं हरवतात ती गर्दीमुळे. तसं नसतं. ती हरवतात भाव विचारल्यामुळे. गाईड पुढे होता, हातात काठीला बांधलेला भगवा झेंडा, पाठीमागे चौतिसांची रांग. पहिल्या दहा पावलांत एक काकू गवारीपाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "कशी दिली?" घ्यायची नव्हती. बसमध्ये गवार घेऊन त्या काय करणार होत्या? पण पुण्यात काय भाव आहे ते त्यांना गवारवालीला सांगायचं होतं. काकू थांबल्या म्हणून त्यांच्या मागचे सहा जण थांबले. त्यांच्या पुढच्यांना हे कळलंच नाही, ते चालत राहिले. रांग तिथं तुटली. मग मागच्या तुकड्यात तांबड्या मिरच्यांचा ढीग आला, पुन्हा तुटली. पुढच्या तुकड्यात बांगड्यांची पाटी आली, तिसऱ्यांदा तुटली. गाईड सगळ्यात पुढे, त्याच्या डोळ्यांना मागचं काही दिसत नव्हतं, आणि शेपटाला कुणी नेमलेलं नव्हतं. तो "आपल्या डाव्या हाताला हळदीचा बाजार" असं सांगत एका बाजूला वळला तेव्हा त्याच्या मागे तीन जण उरले होते. त्यातला एक आमच्याच गावचा होता. तो फुकट माहिती मिळते म्हणून चालला होता.

शिवाय बाजारातली पालं. ताडपत्रीच्या दोऱ्या एका दुकानावरून दुसऱ्याच्या खुंट्याला बांधलेल्या, बरोबर कपाळाच्या उंचीवर. बाहेरचा माणूस प्रत्येक दोरीखाली वाकतो, आणि वर उठतो तेव्हा त्याचं तोंड मघाच्या दिशेला असेलच असं नाही. दोन दोऱ्यांत पूर्वेची उत्तर होते. गाईडचा भगवा झेंडा उंच होता, हे खरं. पण आमच्याकडे देवळावर भगवा, रिक्षावर भगवा, रसवंतीवर भगवा. पुण्याचे एक काका बराच वेळ एका रसवंतीच्या झेंड्याखाली निष्ठेनं उभे होते. तिथं त्यांनी तीन ग्लास रस घेतला.

वीस मिनिटांनी गाईड बसपाशी परतला तेव्हा बसपाशी ड्रायव्हर, क्लीनर आणि बाहेर काढलेलं चाक एवढेच हजर होते. पंचविशीतलं पोरगं. गळ्यात ओळखपत्र, हातात यादी, कपाळावर घाम. त्यानं फोन लावायला सुरुवात केली, आणि मोबाईल आल्यापासून जगात जो संवाद सर्वांत जास्त वेळा झाला असेल तो आमच्या ओट्यासमोर झाला.

"काकू, कुठे आहात?"

"इथेच आहे."

"इथे म्हणजे?"

"अरे, गर्दीत."

"समोर काय दिसतंय?"

"कांदे."

बाजारात कांदे विकणारे किमान आठ. पोरानं लोकेशन मागवलं. आलं. त्यात निळा ठिपका हट्ट्यावर होता. म्हणजे काकू हट्ट्यात होत्या, हे सिद्ध झालं. बाकीच्यांपैकी निम्म्यांचे फोन वाजत होते पण बाजाराच्या आवाजात कुणाला ऐकू येत नव्हते, आणि उरलेल्या निम्म्यांनी ते देवदर्शनाला नको म्हणून बसमध्येच ठेवले होते. बसमधून एकामागून एक रिंगटोन ऐकू येत होत्या. त्यातल्या दोन भक्तिगीतं होती.

मग त्यानं जे सगळेच करतात ते करायला घेतलं. यादी खिशात घातली आणि गर्दीत शिरायला निघाला. तेव्हा मामा पहिल्यांदा बोलले.

"ए लेकरा, कुठं निघालास?"

"मामा, माझी माणसं हरवलीत. शोधायला जातो."

"तू गेलास की पस्तिसावा हरवला. वर ये."

पोरगं घुटमळलं. मामांनी स्टूल पुढे सरकवलं. "हरवलेला फिरतो आन् शोधणाराही फिरतो, मग भेट कशी व्हावी? दोघातल्या एकानं तरी हलू नये. ते तर हलायलेतच. तू थांब."

हे ज्ञान मामांना दुकानातून आलेलं नव्हतं, पंढरीच्या वाटेवरून आलं होतं. ते सांगू लागले तशी मला मजा वाटली, कारण मी इतकी वर्षं वारी म्हणजे भक्ती एवढंच समजत होतो. तिच्यात गर्दीचं एवढं चोख शास्त्र असेल असं वाटलं नव्हतं. ज्ञानेश्वर माउलींच्या सोहळ्यात लाखो माणसं चालतात, पण प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि तो रथापासून मोजलेला असतो: रथापुढे अमुक, रथामागे अमुक. चुकलेल्या वारकऱ्याला गावाचं नाव, रस्त्याचं नाव, काही ठाऊक असायची गरज नाही. रथ सापडला की दिंडी सापडली. दिंडीतही पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये वीणेकरी, मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया. आपण कुणाच्या पुढे आणि कुणाच्या मागे, हे ज्याला त्याला पाठ. रात्री तळावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतो, लाखाची गर्दी एका क्षणात गप्प होते, आणि मग सापडलेल्या-हरवलेल्या वस्तूंचा पुकारा होतो. आधी शांतता, मग पुकारा. उलटं केलं तर कुणी ऐकत नाही.

"आमच्या दारावरून शेगावची पालखी जाते आषाढीला," मामा म्हणाले. "शेकड्यानं माणसं, पांढरे कपडे, एका ओळीत. आजवर एक वारकरी माझ्या दुकानात वाट विचारायला आला नाही. तुमच्या टूरला नंबर नाही का?"

"आहे ना. टूर कोड आहे." पोरानं ओळखपत्र दाखवलं. त्यावर अकरा अक्षरांचा काहीतरी मंत्र होता.

"हा पाठ आहे का कुणाला?"

पोरालाही नव्हता.

मग शोधकार्य सुरू झालं. पोरानं यादी उघडली आणि वर्णनं सांगायला लागलं. "साधारण पासष्ट वर्षांच्या, चष्मा, निळी साडी..." मामांनी हात वर केला. बाजारात निळ्या साड्या मोजायला बसलं तर संध्याकाळ होते. "कशी दिसते ते नको सांगू. तिला काय घ्यायचं होतं ते सांग."

हा प्रश्न मला फार आवडला. पोलीस रंग, उंची, पोशाख विचारतात, कारण त्यांना माणूस ओळखायचा असतो. दुकानदाराला माणूस ओळखायचा नसतोच. त्याच्या लेखी बाजारातली माणसं चालत नाहीत, त्यांच्या गरजा चालतात, आणि गरजेची जागा ठरलेली असते. आठवडी बाजाराला बाहेरचा माणूस गोंधळ म्हणतो, पण प्रत्येक बाजारकरी दर आठवड्याला त्याच हातभर जागेत बसतो. त्यावरून भांडणं होतात, त्यामुळे ती जागा हलत नाही. मामांच्या डोक्यात तो नकाशा पक्का होता. भाजीची ओळ रस्त्याकडून, मागे मिरची-मसाला, त्याला लागून भांडी, पलीकडे कापड आणि बांगड्या, चपला देवळाच्या वाटेवर, आणि अगदी शेवटी लोहार, दोरखंडवाले, टोपल्यावाले.

आता पोराला माणसांचे चेहरे आठवेनात, पण इच्छा फटाफट आठवल्या. सकाळपासून चौतीस जणांनी त्याचा जीव त्यासाठीच तर खाल्ला होता. या काकूंना सुनेसाठी बांगड्या. या तिघींना हळद. त्या जोडप्याला चहा, बिनसाखरेचा. एका काकांना बाथरूम. हे तर परभणीपासून. एका ताईंना "इथलं काहीतरी ऑथेंटिक". हे ऐकून मामा जरा थांबले, पण मग म्हणाले, "टोपल्यावाल्याकडं."

मामांनी स्वतःचा फोन काढला. जुना, बटणांचा. प्रत्येक ओळीत एकेकाला फोन. कापडाच्या ओळीत एक, मिरचीच्या ओळीत एक, हॉटेलात एक. "आपल्याकडं पुण्याचे पाहुणे आलेत का? त्यांना म्हण, मामाच्या ओट्याला या." इकडे पोराचा फोन वाजला, त्या कांदेवाल्या काकू. मामांनी फोन मागून घेतला. "मावशी, तुमच्या शेजारी जो कोणी विकायला बसला आहे ना, त्याच्या हातात फोन द्या." पलीकडून एक दमदार आवाज आला. मामा म्हणाले, "हां, तू आहेस का? मग त्यांना इकडं लावून दे." चार सेकंदांत पत्ता लागला. पोरगं तोंड उघडं टाकून बघत होतं. निळ्या ठिपक्याला जे जमलं नव्हतं ते कांदेवाल्यानं केलं, कारण तो कुठे बसलाय हे त्याला माहीत होतं आणि मामांनाही.

राहिली खूण. ओटा कुठला, हे पुण्याच्या माणसाला कसं कळणार? पोरानं झेंडा वर धरला. मामांनी तो काढून ठेवायला लावला आणि दुकानातून एक हिरवी प्लास्टिकची बादली आणली, बांबूला उलटी अडकवली आणि बांबू ओट्याच्या खांबाला बांधला. "झेंडा दिसला की माणूस हात जोडून पुढं जातो. बांबूवर बादली दिसली की थांबतो आन् विचारतो, हे काय?" आणि खरंच तसं झालं. पहिल्या दहा मिनिटांत बादलीची चौकशी करायला गावातलीच सात माणसं आली. त्यांच्या मागोमाग पुणेकर यायला लागले.

हरवलेल्यांचा असा एक ओटा प्रयागराजलाही आहे. राजाराम तिवारी नावाच्या गृहस्थांनी १९४६ साली तिथल्या माघमेळ्यात चुकलेल्यांसाठी छावणी सुरू केली आणि पुढची सत्तर वर्षं ते लाउडस्पीकरवरून माणसांना माणसं मिळवून देत राहिले. २०१६ साली ते गेले. त्यांची पद्धतही तीच: आम्ही एका जागी आहोत, तुम्ही इकडे या. मामांनी तिवारींचं नाव ऐकलेलं नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बघा, दुसऱ्यालाही तेच सुचलं."

चहावालं जोडपं आधी आलं. मग बांगड्यावाल्या. मग बाथरूमवाले काका, प्रसन्न मुद्रेनं. पण सापडलेला माणूस सापडलेला राहत नाही, ही या धंद्यातली खरी अडचण. पहिल्या आलेल्या काकांना आपली बायको दिसेना, ते शोधायला उतरले. ते गेले म्हणून त्यांचा मित्र त्यांना आणायला उतरला. एका काकूंना मघाच्या बांगड्या परत बदलून हव्या होत्या. पाच आले की दोन जात होते. हौद भरण्याचं शाळेतलं गणित, पण तोट्या पुण्याच्या.

मामा पोराला म्हणाले, "यांना धरून ठेव. काहीतरी सांग."

"काय सांगू?"

"औंढ्याचं सांग. तुझं कामच आहे ते."

पोरगं उभं राहिलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा गाईडासारखं बोललं. औंढ्याला नामदेव महाराज देवापुढे कीर्तन करत होते, पुजाऱ्यांना त्यांची अडचण झाली, मागे जा म्हणाले. नामदेव देवळाच्या मागे जाऊन उभे राहिले आणि कीर्तन सुरू ठेवलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं, अशी कथा आहे. बायकांनी हात जोडले. "म्हणून," मामा आतून म्हणाले, "नंदी अजून देवळाच्या मागं आहे. देऊळ फिरलं, त्याला कुणी सांगितलं नाही." पोरानं लगेच यादीकडे पाहिलं. त्याला नंदीबद्दल आपुलकी वाटली असावी.

कथा संपेपर्यंत बरेच जमले. मग मामांनी त्यांची कथा सुरू केली, हळदीची. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे इकडे आलेली मंडळी हळद न घेता परतली तर घरी तोंड दाखवता येत नाही. मार्च म्हणजे हळदीचे दिवसच. शेतातून काढलेले ओले कंद शिजवायचे, उन्हात पसरून वाळवायचे, मग फिरत्या ढोलात घासून त्यांना झळाळी द्यायची. पाच क्विंटल ओली हळद उन्हानं एका क्विंटलवर येते. मामांनी पोत्यातून एक हळकुंड काढलं आणि दोन्ही हातांत धरून मोडलं. कट्ट असा आवाज झाला, धातूवर धातू वाजावा तसा. मग दुसऱ्या पोत्यातलं एक घेऊन मोडलं. ते नुसतं वाकलं आणि फाटलं. "हे वाळलं नाही. पोत्यात ठेवलं की बुरशी धरतं. आवाज ऐकून घ्या, रंग बघून नाही; रंग कशालाही देता येतो." आतून पहिलं हळकुंड गडद नारंगी होतं. सगळ्या काकूंनी एकेक मोडून पाहिलं. दुकानासमोर कट्ट, कट्ट असा आवाज सुरू झाला आणि या काळात एकही माणूस ओट्यावरून हलला नाही. मामांनी हे सांगत सांगत वजनकाटा हाताशी ओढून घेतला होता, ते फक्त माझ्या लक्षात आलं.

एका ताईंनी विचारलं, "मामा, ऑरगॅनिक आहे ना?"

"ताई, हळद आहे," मामा म्हणाले आणि अर्धा किलो तोलली.

एवढ्यात ड्रायव्हरनं हॉर्न दिला. चाक बसलं. पोरानं सगळ्यांना बसमध्ये चढवलं आणि दारात उभं राहून मोजलं. एकतीस, बत्तीस, तेहतीस, चौतीस. पुन्हा मोजलं. चौतीस. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो परळीला दर्शन झालं तेव्हाही नसणार. त्यानं मामांचे पाय धरले. ड्रायव्हरनं गिअर टाकला.

"थांबा!" मामा ओरडले.

ते खाली उतरले, बसच्या मधल्या खिडकीपाशी गेले आणि आत बघून म्हणाले, "माय, तू कुठं चाललीस?"

खिडकीत आमच्या गावची एक आजी बसली होती. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, मजेत. "औंढ्याला. लेकीकडं. बस औंढ्याला चालली ना?"

"चालली ना."

"मग?"

मग काही नाही. आजीचं बरोबर होतं. पण आजी चौतिसातली असेल तर चौतिसातलं एक माणूस बाजारात होतं. आकडा जुळला म्हणजे माणसं जुळली असं नसतं, हे पोराला त्या क्षणी कळलं. त्यानं यादी काढून नावं वाचली. प्रत्येकानं "हो" म्हटलं. एका नावाला कुणीच म्हटलं नाही. तेव्हा मघापासून काहीतरी कमी वाटत होतं ते काय, याचा सगळ्यांना उलगडा झाला: विनोदी काका नव्हते. आले नसतील त्यांनी हात वर करायचा होता, आणि त्यांनी तो बाजारात कुठेतरी केला असणार.

"त्यांना काय घ्यायचं होतं?" मामांनी विचारलं.

बसमध्ये चर्चा झाली. काकूंनी खात्रीनं सांगितलं, "काही नाही. त्यांना कधीच काही घ्यायचं नसतं."

मामांच्या कपाळाला पहिल्यांदा आठी पडली. ज्याला हळद हवी तो हळदीपाशी सापडतो. ज्याला काहीच नको त्याचा पत्ता काय? क्षणभरानं मामांनी माझ्याकडे पाहिलं. "लोहाराकडं जाऊन या बरं."

मी गेलो. बाजाराच्या टोकाला लोहाराचं पाल. माणूस ऐरणीवर विळ्याचं पातं सांडशीत धरून बसलेला, त्याची बायको उभी राहून दोन्ही हातांनी घण घालत होती, आणि पोरगं भाता फिरवत होतं. पातं पिवळं, मग तांबडं, मग काळं होत जाई, आणि तांबडं असेतो बाईचे चार घाव बरोबर त्याच जागी बसत. नवरा घावागणिक पातं बोटभर पुढे सरकवी. दोघंही बोलत नव्हती. भोवती आठ-दहा पुरुष हात मागे बांधून उभे. त्यांतल्या एकालाही विळा घ्यायचा नव्हता. विनोदी काका मधोमध होते. मघापासून एकही विनोद न करता, तोंड उघडं टाकून, ते बघत होते.

"काका, बस निघाली," मी म्हणालो.

"अहो, तो पाणी देतोय आता," ते म्हणाले. "दोन मिनिटं."

आम्ही दोघं थांबलो. लोहारानं तांबडं पातं पाण्यात बुडवलं, चर्र झालं, वाफ उठली, मग आम्ही निघालो.

बस गेली. आजी औंढ्यापर्यंत बसूनच गेली. तिला उतरवायचं कुणाच्या मनात आलं नाही आणि तिच्या तर नव्हतंच. नंतर कळलं, की जाताना तिनं नागनाथाच्या देवळात गाभारा खाली आहे, पायऱ्या अरुंद आहेत, वाकून उतरा, एकमेकींचा पदर सोडू नका, अशा सगळ्या सूचना माईकवरून दिल्या. पोरानं माईक स्वतःहून तिच्या हातात दिला होता.

मामांनी मदतीचे पैसे घेतले नाहीत. पोरानं दोनशेची नोट पुढे केली तर मामा चिडले. पण त्या ओट्यावर तेहतीस माणसं तासभर उभी होती, आणि दुकानासमोर तासभर उभा राहिलेला माणूस रिकाम्या हातानं जात नाही. माझ्या डोळ्यांदेखत हळदीचं अख्खं पोतं संपलं. शेंगदाणे गेले, राजगिऱ्याचे लाडू गेले, आणि एका काकूंनी ती हिरवी बादलीसुद्धा भाव करून घेतली. पुण्यापेक्षा वीस रुपयांनी स्वस्त पडली म्हणे.

तेव्हा सहलीला निघालेल्या सगळ्यांना एक विनंती. फोन जवळ ठेवा, आणि चुकलात तर शेजारच्या विक्रेत्याच्या हातात द्या. आपल्या बसची एक तरी खूण पाठ करा, अकरा अक्षरांची नको. रांगेत शेवटी कोण, हे निघण्याआधी ठरवा, आणि ते काम भाव विचारणाऱ्या माणसाला देऊ नका. आणि बस हट्ट्याला बाजारच्या दिवशी थांबली आणि तुम्हाला काहीच घ्यायचं नसेल, तर इकडे तिकडे न फिरता सरळ लोहारापाशी जाऊन उभे राहा. मामांना सोपं जातं.